आठ चमचे धने, सहा चमचे पूड

मोरीत पाय घसरला तो वहिनींचा, आणि चव गेली ती तीस माणसांच्या जेवणाची.

वहिनी म्हणजे माझ्या काही नात्यातल्या नव्हेत. डिंडोलीत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि खालच्या दोन खोल्यांत त्यांची खानावळ होती. सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. त्या पारोळ्याकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी आल्या, नवरा गेला, आणि त्याच्याबरोबर काम करणारे चार जण जेवायला येऊ लागले. चाराचे तीस झाले. सगळे खानदेशी, दिवसपाळी-रातपाळीत वाटलेले. गावाकडून आलेला पोरगा पहिल्यांदा उतरायचा तोच मुळी वहिनींकडे, मग त्याला खोली आणि काम मिळायचं.

वहिनींची आमटी नावाजलेली होती. खानदेशात आमटीत लाल तिखट ओततात, त्या तसं करायच्या नाहीत. तिखट बेताचं आणि मिरे सढळ. का, तर लूमवर दिवसभर धाग्याची बारीक तुसं उडतात, ती घशात बसतात आणि मिऱ्यांनी घसा मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण आमटीचा पहिला घोट घेतला की सगळे एकजात खाकरायचे आणि मग जेवायला लागायचे, हे मी जिन्यावर बसून भाजी निवडताना रोज ऐकलंय.

मसाला त्यांचा रोजचा रोज. आठ चमचे धने, चार चमचे जिरे, चार चमचे मिरे. चमचा म्हणजे त्यांच्या मिसळणाच्या डब्यातला पितळी चमचा, पोह्याच्या चमच्याएवढा, पण बुडाला चपटा. तो भरायचा आणि वरून अंगठा फिरवून सपाट करायचा. शीग ठेवायची नाही. मग धने-जिरे नुसते गरम करायचे, मिरे तसेच, आणि सगळं लोखंडी खलात घालून बत्त्याने कुटायचं. त्या माहेराहून आल्या तेव्हा आईने खल आणि चमचा दोन्ही बरोबर दिले होते. माप आईचं, फक्त माणसं वाढली तसे त्यांनी चमचे वाढवले होते.

तर मोरीत पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. संक्रांत नुकतीच झाली होती. प्लास्टर बसलं. पोळ्या लाटायला एक मावशी यायच्या, त्यांनी पोळ्यांचं सांभाळलं. वरण-भाजीला मी उभी राहिले. वहिनी पाटावर बसून फर्मानं सोडायच्या आणि मी चुलीशी. पण कुटायचं कोणी? मावशींना दोन वेळच्या पोळ्यांतून सवड नाही आणि माझा खांदा तेव्हापासूनच कुरकुरायचा. मीच म्हटलं, माझा मिक्सर पडून आहे वर. नणंदेने दिलेला, मी त्यात चटणीशिवाय काही करत नव्हते. आठवड्याचे धने, जिरे, मिरे वेगवेगळे दळून तीन डब्यांत भरून ठेवू, रोज लागेल तसं काढू. वहिनींनी नाक मुरडलं. पण दुसरा इलाज नव्हता.

चमचा मात्र त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. डाव्या हाताने स्वतः घ्यायच्या, डब्याच्या काठाला घासून सपाट करायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. धन्याच्या डब्यातून आठ, जिऱ्याच्या डब्यातून चार, मिऱ्याच्या डब्यातून चार. मी कधी म्हटलं असतं की वहिनी, अंदाजाने टाका हो, तर त्यांनी मला जिन्यावरून वर पाठवलं असतं.

पहिले काही दिवस कोणी बोललं नाही. आमटी दाट व्हायची, जराशी चिखलासारखी, आणि तोंडात धन्याची चरचरीत पूड राहायची. मिऱ्याचा झणका नाही. पहिल्या घोटाला कोणी खाकरेना. पोरं मुकाट जेवायची. हात मोडलाय बिचारीचा, चालायचंच, असं आपसात म्हणायची. वहिनींना ते ऐकू जायचं. त्यांना वाटायचं, प्लास्टर सुटलं की सगळं ठीक होईल.

प्लास्टर सुटलं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वयंपाक करा, पण कुटणं-वाटणं आता विसरा, हाड पुन्हा दुखावेल. वहिनी स्वतः चुलीपुढे उभ्या राहिल्या. फोडणी त्यांची, डाळ त्यांची, चमचा त्यांचा. आणि आमटी तशीच. अगदी तशीच. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला, कारण तोवर दोष माझ्या हातावर तरी ढकलता येत होता.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. आधी वाण्याकडे गेलो. तो गुजराती काका, वर्षानुवर्षांचा. वहिनींनी त्याच्यापुढे धने-मिरे ओतले आणि भेसळ आहे म्हणून सांगितलं. तो रागावला नाही. पोत्यात हात घालून मूठभर मिरे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "बेन, चावी जुओ." वहिनींनी एक चावला आणि ठसका लागून त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. माल चोख होता. मग डाळ बदलली. मग पाण्याचा संशय आला, ते उकळून घेतलं. मग तिखट वाढवलं, तर आमटी नुसती लाल जाळ झाली आणि एक पोरगा म्हणाला की हिच्यापेक्षा बॉयलरजवळ उभं राहणं बरं. मिरे वाढवा असं माझ्या मनात आलं होतं, बोललेही. वहिनी म्हणाल्या, आईच्या मापात हात घालायचा नाही. संपलं.

जेवणाऱ्यांत एक मुकादम भाऊ होते. वयाने मोठे, बोलायला कमी. त्यांच्या खोलीवरची पंधरा-सोळा पोरं ते म्हणतील तिथे जेवायची. एक दिवस सगळे उठून गेल्यावर ते ताटापाशीच बसून राहिले. मी भांडी गोळा करत होते. ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "पोरं म्हणतात गोडादऱ्याकडे एक नवी खानावळ निघाली आहे. मी अजून हो म्हणालो नाही. पण किती दिवस नाही म्हणू, वहिनी?"

वहिनींनी त्यांना ताक वाढलं.

त्या दुपारी त्या माझ्या घरी वर आल्या. कधी यायच्या नाहीत, मीच जायचे. पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या की आखाजीला भाऊ न्यायला येणार आहे, या खेपेला त्याच्याबरोबर भांडीसुद्धा नेते. आखाजी म्हणजे आम्हा खानदेशी बायकांचा माहेरचा सण, अक्षय तृतीयेचा. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, लेकी घरी येतात. वहिनी मात्र इतक्या वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या, कारण खानावळ कोणाच्या भरवशावर टाकणार. भाऊ दर वर्षी बोलवायचा आणि त्या दर वर्षी नाही म्हणायच्या. आता हो म्हणाल्या होत्या, ते असं.

"हाताची चव मोडली," त्या म्हणाल्या. "हाड बसलं, चव बसली नाही. भावाच्या घरी चार माणसांचं रांधेन, तिथे कोण नावं ठेवतंय."

मी त्यांना बरंच काही समजावलं, ते आता मला आठवत नाही, कारण त्याचा उपयोग झाला नाही. त्यांनी हळूहळू ताटं-वाट्या वेगळ्या काढायला सुरुवात केली. मोठं पातेलं कोणाला द्यायचं याचीही बोलणी झाली. मला ते बघवत नव्हतं. शेजार जातो एवढ्यासाठीच नव्हे. ज्या बाईने नवऱ्यामागे तीस माणसांचं घर उभं केलं, ती एका आमटीपुढे हरली असं मला दिसत होतं, आणि का ते सांगता येत नव्हतं.

मग एक दिवस लाइट गेली. आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस लूमची वीज बंद असायची, त्या दिवशी घरांचीही जायची-यायची. नेमके मसाल्याचे तिन्ही डबे संपलेले आणि मिक्सर मुका. मी म्हटलं, आजच्या दिवस मी कुटते, खांदा गेला खड्ड्यात. वहिनींनी अख्खे धने-जिरे-मिरे मोजून दिले, आठ-चार-चार, अंगठा फिरवून. मी खलावर बसले. मिरे उडून कुठे कुठे गेले ते विचारू नका, पदराचं झाकण करून कसंबसं कुटलं आणि आमटीत टाकलं.

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पंगत बसली. पहिला घोट, आणि कोणीतरी खाकरलं. मग दुसरा. मग सगळी रांग. त्यात एक पोरगा वहिनींच्याच पारोळ्याकडचा, अजून अहिराणी सुटली नव्हती त्याची. तो म्हणाला, "वहिनी, आमटीले आज जीव शे." मुकादम भाऊंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

मला वाटलं, आता वहिनी खुश होतील. त्या मात्र आत जाऊन बसल्या. मी गेले तर म्हणाल्या की बघ, सगळं उघड झालं. मिक्सरचं पातं गरम होतं, त्यात मसाला मरतो. खलाशिवाय ही आमटी होत नाही, आणि खल माझ्या हातून आता उचलला जाणार नाही. तू एक दिवस कुटलंस, तुझा खांदा सुजलाय, रोज कोण कुटेल? म्हणजे मिक्सर ठेवावा तर चव नाही आणि चव ठेवावी तर हात नाही. भांडी काढली ते बरंच झालं.

रात्री मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे एका कापड कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर. त्यांनी एवढंच विचारलं की कुटलेला मसाला मोजला होता का. मी म्हटलं, मोजायचा कशाला, मोजूनच तर खलात टाकला. ते म्हणाले, टाकताना अख्खा मोजला, डब्यातून काढताना पूड मोजता. मला ते कळलं नाही आणि खरं तर त्यांनाही नीट कळलं नसावं, कारण ते लगेच कूस बदलून झोपले.

पण तो किडा डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी लाइट होती, तरी मी खाली जाऊन खल काढला. वहिनी म्हणाल्या, आता कशाला? मी म्हटलं, उद्यापुरतं कुटून ठेवते, तुम्ही बसा. या वेळी वेगवेगळं कुटलं, कारण धन्यांबरोबर मिरे उडतात हे आदल्या दिवशी शिकले होते. आधी धने. वहिनींनी आठ चमचे मोजून दिले. कुटून बारीक झाले. मग पितळी चमच्यानेच ते डब्यात भरायला लागले आणि मोजायची तर सवय लागलेलीच. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. खल रिकामा.

वहिनी म्हणाल्या, सांडलंस. मी म्हटलं, कुठे? आम्ही दोघी खाली वाकून फरशी बघतोय. फरशी स्वच्छ. खलाच्या काठाला लागलेलं पुसून घेतलं तर चिमूटभर निघालं. पुन्हा मोजलं. सहाच.

मग मिरे. चार चमचे टाकले, कुटले, काढले. पाच.

"तू झोपेत आहेस का," वहिनी म्हणाल्या. "धने खाल्लेस आणि मिरे व्यालीस?"

मला हसू आवरेना. पण त्यांना हसू येत नव्हतं. त्यांनी माझ्या हातून चमचा घेतला आणि डाव्या हाताने स्वतः मोजलं, सपाट, न दाबता, काठाला घासून. पाच. जिऱ्यांचे चार टाकले तर चार निघाले, शेवटचा जरासा उणा, पण कोणी भांडावं इतका नाही.

आता मी वर जाऊन मिक्सर खाली आणला. तसेच आठ चमचे धने मिक्सरमध्ये. निघाले सहा. तसेच चार चमचे मिरे. निघाले पाच. म्हणजे मिक्सरने काही मारलं नव्हतं, खलाने काही जगवलं नव्हतं. दोन्हीकडे तेच. फक्त वहिनी खलात आठ चमचे धने टाकायच्या, म्हणजे पुडीचे सहा, आणि डब्यातून काढायच्या पुडीचे आठ. दोन चमचे धने रोज जास्त. आणि मिऱ्यांचे पाच व्हायला हवेत तिथे चार, म्हणजे एक चमचा रोज कमी. चमचा तोच, आकडा तोच, म्हणून कोणाला संशय आला नाही.

वहिनी धन्याचा एक दाणा उचलून नखाने फोडून बघत बसल्या. आत पोकळ. दोन भाग आणि मध्ये नुसती हवा. "पोकळ निघाला की," त्या म्हणाल्या. मिरा फोडायला गेल्या तर नखाने फुटेना. भरीव, दगडासारखा. मला तेव्हा जे वाटलं तेच अजून वाटतं की धन्याची पोकळी फुटली की तो खाली बसतो, आणि मिरा फुटला की त्याचे खडबडीत तुकडे एकमेकांवर नीट बसत नाहीत, मध्ये हवा राहते, म्हणून जागा जास्त खातात. जिरे आधीच आडवे-तिडवे पडलेले असतात, फुटले तरी साधारण तेवढेच. आमच्या ह्यांनी संध्याकाळी वाण्याच्या तराजूत अख्खे आणि कुटलेले तोलून पाहिले. काटा मधोमध. वजन तेवढंच, जागा वेगळी. वाणीकाका म्हणाले, आता तरी माझे धने चांगले आहेत ना, बेन.

पण खरी परीक्षा आमटीची होती. त्या संध्याकाळी वहिनींनी मिक्सरच्या पुडीतून काढलं. धन्यांचे सहा. जिऱ्यांचे चार, शेवटचा जरासा उणा. मिऱ्यांचे पाच. पाचव्या चमच्याला त्यांचा हात थांबला होता. आईचं माप मोडतंय असं त्यांना वाटत असावं. मी म्हटलं, आईने अख्खे मिरे मोजले होते, वहिनी, तुम्ही तेच मिरे मोजताय. त्यांनी टाकला.

पंगत बसली तेव्हा आम्ही दोघी आतल्या खोलीच्या दारामागे उभ्या होतो, जशा काही वधूपरीक्षेला आलेल्या. मुकादम भाऊंनी वाटी तोंडाला लावली. आणि मग तो आवाज आला. खाकरणं. एक, मग दुसरं, मग सगळी रांग.

वहिनींनी माझा हात इतक्या जोरात दाबला की मला वाटलं आता माझं मनगट मोडतंय. मग त्या मोरीत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या. डोळे लाल होते. मिऱ्यामुळे, असं त्यांनी सांगितलं.

जेवण झाल्यावर मुकादम भाऊंनी विचारलं, खल पुन्हा काढला का. वहिनी म्हणाल्या नाही, मिक्सरचाच मसाला आहे. ते म्हणाले, "मग पोरांना सांगतो, गोडादरा लांब पडतो." हात धुतले आणि गेले. गोडादरा काही एवढा लांब नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतर आम्ही थोडं आणखी शिकलो. डबा आपटला की पूड दबते आणि चमच्यात जास्त भरते, म्हणून काढण्याआधी चमच्याने ढवळून मोकळी करायची. शीग तर अजिबात नाही. अख्ख्या मिऱ्यांची शीग राहत नाही, घरंगळतात, पण पुडीचा डोंगर उभा राहतो आणि फसवतो. मावशींनाही शिकवलं. सहा, चार, पाच. त्या आपल्या पोळ्या लाटता लाटता गाण्यासारखं म्हणायच्या.

आणि आखाजी आली. वहिनींचा भाऊ आला, पांढऱ्या टोपीतला, शांत माणूस. त्याने दोन पोती आणली होती, भांड्यांसाठी. ती पोती बघून वहिनी अशा ओशाळल्या की विचारू नका. भावाला काय सांगावं हे सुचेना. शेवटी मीच त्याला चहा देताना म्हटलं की भाऊ, भांडी इथेच राहतील, तुमची बहीण मात्र न्या, आठ दिवस तरी. वहिनी म्हणाल्या, आणि इथे? मी म्हटलं, मी आहे, मावशी आहेत, चमचा ठेवून जा.

त्यांनी मिसळणाचा डबा उघडला, पितळी चमचा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच. "अंगठा फिरवजो," एवढंच अहिराणीत म्हणाल्या.

भावाने दोन्ही पोती घडी घालून काखेत मारली. बसमध्ये जागा मिळाली की नाही, झोका कुठल्या झाडाला बांधला, हे मला त्या परत आल्यावरच कळलं. पण त्या निघाल्या तेव्हा जिन्याखाली उभी राहून मी पाहिलं. किती वर्षांनी ती बाई माहेरी चालली होती, आणि चालताना एकदाही मागे वळून खानावळीकडे बघितलं नाही. मला फार बरं वाटलं. मग आत जाऊन मी डबा ढवळला आणि मोजायला लागले.